बारा आवर्तनांत एक लग्न

तुळशीचं लग्न लागलं की घराघरांत मुहूर्ताच्या तारखा निघतात आणि हॉलवाल्यांच्या पाठोपाठ फोटोग्राफरचा शोध सुरू होतो. पूर्वी हा शोध स्टुडिओत जाऊन जाडजूड अल्बम चाळण्याचा असे. आता तो बसमध्ये किंवा जेवणानंतर गादीवर पडून, मोबाइलवर अंगठा सरकवत होतो. समोर एक रील येते. मुंडावळ्या, हळद, अक्षता, हसणारी नवरी आणि शेवटी ‘तारखा मोजक्याच शिल्लक’. तीस सेकंद पुरी व्हायच्या आत आपण तो व्हिडिओ बहिणीला पाठवलेलाही असतो.

या एवढ्याशा वेळात फोटोग्राफरला दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकायच्या असतात. एक म्हणजे त्याची शैली. ती डोळ्यांनी पाहून पटते. दुसरी म्हणजे त्याचं पॅकेज: किती माणसं येणार, किती तास थांबणार, हातात काय देणार आणि किती रुपयांत. हे वाचून आणि विचारूनच कळतं. पहिल्या गोष्टीच्या भरात दुसरी विचारायची राहते, आणि लग्नानंतरची बहुतेक कुरबुर तिथून सुरू होते. म्हणून अशी रील बनते कशी, हे एकदा आतून पाहायला हवं.

आधी ठेका, मग चित्रं

उदाहरणासाठी साताऱ्यातला एक फोटोग्राफर डोळ्यांपुढे आणू. सातारा, कराड, वाई, सांगली या पट्ट्यात तो लग्नं करतो. दिवसाच्या उजेडात, माणसांच्या अगदी जवळ जाऊन, त्यांना ‘इकडे बघा’ न म्हणता फोटो काढणं ही त्याची खासियत. हंगाम संपल्यावर, चातुर्मासात थोडी सवड मिळाली की तो पुढच्या वर्षासाठी रील बांधायला बसतो. त्याच्याकडे वीसेक लग्नांचं चित्रण आहे. प्रत्येक लग्नाच्या सिनेमॅटिक कॅमेऱ्याचं दोन-तीन तासांचं म्हटलं, तरी पन्नास तासांच्या आसपास माल झाला. त्यातून त्याला अर्धा मिनिटही घ्यायचा नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, तो सुंदर शॉट निवडत बसेल. पण जाणकार एडिटर आधी संगीत निवडतो, कारण कट कुठे पडणार हे संगीत ठरवतं. समजा, त्याने मिनिटाला १०० ठोक्यांची धून घेतली. म्हणजे एक ठोका ०.६ सेकंदाचा. आपल्याकडे विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने दिव्यांची लुकलुक टाळायला बहुतेकजण सेकंदाला २५ फ्रेम ठेवतात. त्या हिशेबाने एक ठोका बरोबर १५ फ्रेमचा होतो, आणि कट अर्ध्या फ्रेमवर अडकत नाही. चार ठोक्यांचं एक आवर्तन २.४ सेकंदांचं. अशी बारा आवर्तनं म्हणजे २८.८ सेकंद. रीलचा सांगाडा तयार झाला. आता प्रश्न एवढाच की या बारा घरांत कोणाला बसवायचं.

धून निवडतानाच एक कायद्याची अडचण उभी राहते. लग्नाच्या वरातीत किंवा समारंभात गाणं वाजवायला कॉपीराइट कायद्याने सूट दिली आहे. १९५७च्या कायद्याच्या ५२व्या कलमात तसं स्पष्ट म्हटलं आहे. पण तेच गाणं आपल्या धंद्याच्या जाहिरातीला जोडणं त्या सवलतीत बसत नाही. त्यामुळे हळदीला ज्या गाण्यावर अख्खं घर नाचलं, ते गाणं फोटोग्राफरला आपल्या रीलवर सरसकट टाकता येत नाही. तसं केलं तर रीलचा आवाज बंद होतो किंवा रीलच काढली जाते. आपला फोटोग्राफर म्हणून परवाना विकत घेऊन मिळणारी, शब्द नसलेली धून घेतो. तिचा एक फायदाही आहे: ती लोकांच्या कानात आधीपासून बसलेली नसते, त्यामुळे लक्ष चित्रावर राहतं.

अंतरपाट मावत नाही

पहिलं आवर्तन सर्वांत महाग. बघणाऱ्याचा अंगठा सरकायच्या तयारीत असतो. अनेक फोटोग्राफर इथे स्टुडिओचं नाव फिरवत, चमकवत आणतात. तीन सेकंद त्यातच जातात, म्हणजे रीलचा दहावा हिस्सा. आपला फोटोग्राफर तिथे अंतरपाट दूर होण्याचा क्षण ठेवायचं ठरवतो आणि लगेच अडतो.

लग्नाचा व्हिडिओ आडवा घेतलेला असतो, कारण तो पुढे टीव्हीवर पाहायचा असतो. मोबाइलची रील उभी असते. आडव्या चौकटीतून उभी पट्टी कापली की रुंदीचा जेमतेम ३२ टक्के भाग हाती लागतो. अंतरपाटाचं दृश्य मुळातच आडवं आहे: एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला नवरी, मध्ये भटजींनी आणि मामांनी धरलेलं वस्त्र. उभ्या पट्टीत एकतर नवरा येतो, नाहीतर नवरी, नाहीतर नुसतं कापड.

यावर उपाय संगणकावर सापडत नाही, तो लग्नातच करून ठेवावा लागतो. एक कॅमेरा नवऱ्याच्या खांद्यामागे उभा करायचा. मग कापड खाली सरकताना त्याच्या वरच्या कडेतून नवरीचे डोळे उगवतात. हालचाल वरून खाली होत असल्याने ती उभ्या चौकटीत नीट बसते. शिवाय चित्रण ४के असावं लागतं. ४केची चौकट ३८४० बाय २१६० ठिपक्यांची असते. तिच्यातून उभी पट्टी कापली तर १२१५ ठिपके रुंदी उरते. मोबाइलच्या रीलला १०८० लागतात, म्हणजे काम भागतं. साध्या फुल एचडीतून कापली तर ६०७च उरतात आणि चेहरा भुरकट दिसतो. एखाद्या रीलमध्ये काही शॉट लख्ख आणि काही मऊ, धुरकट दिसले तर बरेचदा कारण हेच असतं: जुना किंवा साधा माल ताणून बसवलेला आहे.

अक्षता पडताना दिसाव्यात म्हणून हा शॉट सेकंदाला १०० फ्रेमने घेऊन चौपट संथ केलेला आहे. पडद्यावरचे २.४ सेकंद प्रत्यक्षात ०.६ सेकंदांचे होते. प्रत्यक्ष मांडवात हे कोणाच्याही डोळ्यांना दिसलेलं नसतं. संथ चित्रण त्यासाठीच असतं, पण त्यालाही मर्यादा आहे. संथ केलेल्या शॉटला आवाज नसतो. अख्खी रील संथ असेल, तर या माणसाला मंगलाष्टकं, उखाणे, आत्याचा आवाज नीट ध्वनिमुद्रित करता येतो की नाही, याचा काहीच पत्ता लागत नाही.

शैली म्हणजे काय काय नाही

दुसऱ्या आणि तिसऱ्या आवर्तनात एकेकच शॉट आहे. आई मुलीच्या कपाळाला मुंडावळ्या बांधतेय, आणि दाराशी उभे असलेले वडील उगाचच घड्याळाकडे बघताहेत. इथे गती मंद ठेवली आहे, कारण चेहरा वाचायला वेळ लागतो. चौथ्यापासून सातव्यापर्यंत मात्र दर दोन ठोक्यांना कट. १.२ सेकंदांचे आठ शॉट: हळदीचा हात, हिरवा चुडा, नऊवारीचा काष्टा, लाजाहोमाचा धूर, मामाच्या खांद्यावरचं पोर, सप्तपदीतली पावलं, पंगतीत वाढणारा हात, करवलीचं हसू.

या आठ शॉटमध्ये ड्रोन नाही. डोंगरावर उभं केलेलं जोडपं नाही. स्टेजवरचा धूर आणि फटाके नाहीत. फोटोग्राफरकडे हे सगळं आहे, आणि त्यातले काही शॉट निवडलेल्या शॉटांपेक्षा देखणेही आहेत. तरी ते वगळले, कारण शैली ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसल्याने कळते. आठही शॉट साधारण ३५ मिलिमीटरच्या लेन्सने, हात-दोन हातांवरून घेतलेले आहेत. आजूबाजूची माणसं चौकटीत येतात. उजेड खिडकीचा किंवा मांडवातून गळणारा. हेच प्रसंग ८५ मिलिमीटरच्या लेन्सने लांबून घेतले असते, तर मागची गर्दी विरघळून नुसता चेहरा राहिला असता. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, पण दोन्ही एकाच रीलमध्ये कोंबल्या, वर एक गडद तपकिरी रंगाचा आणि एक फिक्या गुलाबी रंगाचा शॉट घातला, तर बघणाऱ्याला प्रत्येक शॉट आवडतो आणि माणूस कोणता हे कळत नाही.

रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ग्राहक शैली म्हणतो तेव्हा बहुधा रंगाबद्दलच बोलत असतो. सिनेमॅटिक कॅमेरे चित्र मुद्दाम फिकं, करडं नोंदवतात, म्हणजे नंतर रंग हवा तसा चढवता येतो. हे रंगकाम करायची तयार साचे मिळतात. अनेक साच्यांचा एक दोष आहे. चित्राला उबदार, गडद छटा देताना ते हिरव्या रंगाला दाबतात, कारण झाडं-गवत मातकट दिसलेलं बरं वाटतं. मराठी लग्नात हिरवा रंग झाडांवर नसून नवरीच्या हातात असतो. चुडा काळपट राखाडी दिसू लागतो, हळद मोहरीसारखी तपकिरी होते आणि कुंकू विटकरी.

रील पाहताना म्हणून चार गोष्टींवर नजर ठेवावी: चुडा, हळद, कुंकू आणि भटजींचं पांढरं धोतर. त्यांचे खरे रंग आपल्याला पाठ असतात. चुडा काळा आणि धोतर पिवळं दिसत असेल, तर तुमच्या पैठणीचा रंगही अल्बममध्ये तुम्ही घेतला तो असणार नाही. काहींना ती छटा आवडते, मग प्रश्नच नाही. पण ती निवडून घ्यावी, नंतर सापडू नये.

जे शॉट सहसा दाखवत नाहीत

आठव्या आवर्तनात संगीत थांबतं. २.४ सेकंद फक्त खरा आवाज: नवरी उखाण्याचा शेवटचा शब्द विसरते आणि मागून चारपाच बायका तो एकदम सांगतात. यातून फोटोग्राफर एक गोष्ट न बोलता सिद्ध करतो, की त्याने कॅमेऱ्याबरोबर माइकही लावला होता. अनेकजण रील आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून खाली तो शब्द लिहिलेलाही आहे.

नववं आणि दहावं आवर्तन आपल्या फोटोग्राफरने धाडसाने वापरलं आहे. तिथे त्याने आपली अवघड बाजू दाखवली. एक शॉट गोरज मुहूर्तावरच्या लग्नाचा. उजेड गेलेला, हॉलमध्ये पांढऱ्या ट्यूब, स्टेजवर जांभळे-गुलाबी एलईडी. अशा ठिकाणी चेहऱ्याचा एक गाल जांभळा आणि दुसरा हिरवट होतो. काही एलईडींची लुकलुक कॅमेऱ्याच्या गतीशी जुळत नाही आणि चित्रावर आडवे पट्टे सरकतात. ते टाळायला शटरची गती जुळवून घ्यावी लागते, स्वतःचा दिवा आणावा लागतो, आणि सजावटवाल्याला ‘मंगलाष्टकांपुरते रंगीत दिवे बंद ठेवा’ असं आधीच सांगून ठेवावं लागतं. दुसरा शॉट स्टेजवरच्या गर्दीचा: साठेक नातेवाईक दोन रांगांत, सगळ्यांचे चेहरे स्पष्ट.

हे दोन शॉट रीलमध्ये सर्वांत कमी देखणे आहेत. पण मुलीचे वडील जेव्हा विचारतात, “कॅन्डिड वगैरे ठीक आहे हो, पण आमच्या आत्याबाई आणि चुलते सगळे येतील ना फोटोत?” तेव्हा उत्तर इथे असतं. बहुतेक रीलमध्ये ते नसतं. नाजूक उजेड, रिकामं शेत, एकटं जोडपं, मागे कोणी पाहुणा नाही, कपाळावर घाम नाही, चौकटीत दुसऱ्या कॅमेरावाल्याचा दिवा नाही: असेच शॉट एकामागून एक आले, तर ते लग्नाचे नसून प्री-वेडिंगचे असतात. किंवा मॉडेल आणून सरावासाठी केलेल्या शूटचे. त्यात फसवणूक असेलच असं नाही. पण लग्नात भटजी थांबत नाहीत आणि मुहूर्त पुन्हा येत नाही. निवांत उजेडात जे जमतं, ते साडेबारा वाजता दोनशे मोबाइल वर उचललेल्या मांडवात जमेल, याचा तो पुरावा नव्हे.

एक सोपी खूण म्हणजे रीलमधली जोडपी मोजणं. पंधरा शॉटमध्ये आठ-दहा वेगवेगळी लग्नं दिसली, तर माणसाचा हात सगळीकडे सारखा चालतो. पंधराही शॉट एकाच श्रीमंती लग्नातले असले, तर त्या देखणेपणात सजावटीचा वाटा किती आणि फोटोग्राफरचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

शेवटचे पावणेपाच सेकंद

अकरावं आणि बारावं आवर्तन, म्हणजे ४.८ सेकंद, पॅकेजसाठी. इथे बहुतेकांचा तोल जातो. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा तीन पाट्या, प्रत्येकीत आठ ओळी. एवढ्या वेळात माणूस दहा-बारा शब्द वाचतो. शिवाय रीलच्या तळाशी खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजव्या कडेला चिन्हं येतात. तिथे लिहिलेली किंमत झाकलीच जाते.

आपल्या फोटोग्राफरने मध्यभागी तीनच ओळी ठेवल्या:

‘एक दिवस, चार माणसं
८५,००० रुपयांपासून
सातारा, सांगली, पुणे’

हा आकडा उदाहरणापुरता आहे, मुद्दा ओळींच्या निवडीचा आहे. किंमत लिहिली की चौकशीचे फोन घटतात, म्हणून अनेकजण ‘किमतीसाठी मेसेज करा’ एवढंच टाकतात. पण घटतात ते फोन ज्यांचं बजेट तीस हजारांचं आहे अशांचे. ते काम त्याला कधीच मिळणार नव्हतं. आणि ‘चार माणसं’ हा शब्द किमतीपेक्षा महत्त्वाचा, कारण लग्नाच्या फोटोचा खर्च मुख्यतः माणसांचा असतो: ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कॅन्डिड आणि सिनेमॅटिक असे चौघे. रीलमध्ये दिसलेलं सगळं शेवटच्या दोघांचं आहे. स्वस्त पॅकेजमध्ये पहिले दोघेच येतात, आणि तीच रील बघून बुकिंग केलेल्या घराला नंतर प्रश्न पडतो की आपले फोटो तसे का नाहीत.

‘पासून’ या शब्दामागे काय काय लपतं, तेही पाहावं. दिवस म्हणजे सकाळच्या हळदीपासून पाठवणीपर्यंत, की आठ तास? अल्बम १२ बाय ३६ इंचांचा असेल तर ४० शीट की ४० पानं? एक शीट म्हणजे समोरासमोरची दोन पानं, त्यामुळे फरक थेट दुपटीचा पडतो. एडिट केलेले फोटो किती दिवसांत मिळणार, मूळ डेटा मिळणार का, जीएसटी आत की बाहेर? यातलं काही अर्ध्या मिनिटात मावणार नाही, मावायलाही नको. रीलचं काम फोन येईपर्यंतचं. पण कागदावर यातली प्रत्येक ओळ असली पाहिजे.

कागदावर आणखी एक ओळ हवी, आणि ती खुद्द रीलबद्दलची. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा आणि फिल्मचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमात ही तरतूद आहे. म्हणजे आपल्या लग्नाचे शॉट फोटोग्राफरच्या जाहिरातीत जावेत की नाही, हे ठरवणं आपल्या हातात असतं. अनेक छापील करारांत बारीक अक्षरात ही परवानगी आधीच घेतलेली असते. ती वाचावी. हवं तर द्यावी, नको तर खोडावी, किंवा ‘लहान मुलांचे चेहरे नकोत’ अशी अट घालावी. समंजस फोटोग्राफर रील टाकण्याआधी त्या घरांना ती दाखवतो. वडिलांचा तो घड्याळाकडे पाहण्याचा शॉट त्यांच्या मुलीच्या होकारानेच आत आलेला असतो.

इतकं झाल्यावरही एक गोष्ट कुठल्याही रीलमध्ये दिसू शकत नाही. चांगले मुहूर्त मोजकेच असल्याने एकाच तारखेला अनेक लग्नं येतात. नाव झालेला स्टुडिओ त्या दिवशी तीन-चार ठिकाणी माणसं पाठवतो, आणि त्यातली बरीचशी रोजावर बोलावलेली असतात. रीलमधला अंतरपाट ज्याने टिपला तो माणूस त्या दिवशी कराडला असेल आणि तुमचं लग्न वाईला. म्हणून फोन लावल्यावर पॅकेज विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. आमच्या तारखेला कॅन्डिड आणि सिनेमॅटिक कॅमेरा नेमका कोणाच्या हातात असेल? त्याच माणसाने केलेल्या एका लग्नाचे, निवडक नव्हे तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिलेले सगळे फोटो दाखवाल का? आणि आमचा मुहूर्त गोरज असेल तर गोरज मुहूर्ताचं, हॉल अंधारा असेल तर तशाच हॉलचं काम आहे का? ज्याची रील खरी असते, त्याला ही उत्तरं द्यायला फार वेळ लागत नाही, आणि नावासकट ती करारात लिहून द्यायलाही.